एकट्याचा ण, जोडीचा न

गिरणेच्या काठी वसलेल्या एका गावातील शाळेत सातवीच्या वर्गाने भित्तिपत्रक काढावयाचे ठरविले. प्रत्येकाने आपल्या घराविषयी अथवा शेताविषयी एक छोटा उतारा लिहून आणावा, अशी गुरुजींची सूचना होती. वर्गातील एका मुलीने आपल्या आजीच्या विहिरीवर लिहिले. तिच्या घरी सारे जण अहिराणी बोलत. तिने कानाला जसे वाटले तसे लिहिले. तो उतारा असा होता :

"आमच्या रानात एक जुनी विहीर आहे. भर उन्हातही तिचे पानी आटत नाही. आजी कोनालाही परत पाठवत नाही. दुकानाच्या वाटेवरचा थकलेला मानूसही तिथे थांबतो. आजी गाने म्हनते आनि मी कान देऊन ऐकते. आजीच्या हातात सोने नाही, पन तिचे लोनी साऱ्या गावात प्रसिद्ध आहे."

भित्तिपत्रकाचे शुद्धलेखन तपासण्याचे काम वर्गातील एका मुलाकडे होते. त्याने उताऱ्यावर तांबड्या शाईची आठ वर्तुळे काढली आणि कागदाच्या तळाशी लिहिले, "जेथे ण पाहिजे तेथे न लिहिला आहे."

मुलगी हिरमुसली, पण तिने कागद परत घेतला आणि रात्री कंदिलाजवळ बसून सारा उतारा पुन्हा लिहून काढला. या वेळी तिने धोका पत्करला नाही. शब्दाच्या आरंभीचा न तेवढा तसाच ठेवून मधल्या व शेवटच्या प्रत्येक न च्या जागी तिने ण लिहिला. पाणी, कोण, माणूस, गाणे, लोणी हे शब्द आता बरोबर झाले. परंतु त्यांच्याबरोबर राण, जुणी, उण्हात, दुकाण, काण आणि सोणे हेही शब्द कागदावर आले! दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या मुलाने सहा नवी वर्तुळे काढली.

ती वर्तुळे पाहून मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. ती गुरुजींकडे गेली आणि म्हणाली, "गुरुजी, माझा उतारा लावू नका. आमच्या घरची बोलीच चुकीची आहे. मला लिहिता यायचे नाही."

गुरुजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि काही वेळ ते पाहत राहिले. मग ते म्हणाले, "बाळ, तुझी बोली चुकीची नाही. तू कानावर विसंबलीस, एवढेच झाले. या दोन अक्षरांच्या बाबतीत तुझ्या घरी कान साक्ष देत नाही. जेथे कान साक्ष देत नाही, तेथे शब्दाच्या कुळाची साक्ष काढावी लागते. ती कशी काढावयाची, ते आज आपण साऱ्या वर्गालाच सांगू."

तास सुरू झाला. गुरुजींनी प्रथम मुलांना एक प्रयोग करावयास सांगितला. "त, थ, द, ध, न असे सावकाश म्हणा आणि जिभेचे टोक कोठे लागते ते पाहा." मुलांनी म्हणून पाहिले. जिभेचे टोक वरच्या दातांपाशी लागत होते. "आता ट, ठ, ड, ढ, ण म्हणा." या वेळी जिभेचे टोक वर उचलले जाऊन मागे वळले आणि टाळूला लागले. न हा दातांपाशी उच्चारला जाणारा म्हणून त्याला दंत्य म्हणतात. ण च्या वेळी जीभ वळते व टोक टाळूच्या वरच्या भागाला, म्हणजे मूर्ध्याला, लागते, म्हणून त्याला मूर्धन्य म्हणतात.

"हा फरक खानदेशच्या बोलींनी पुष्कळ ठिकाणी सोडून दिला आहे," गुरुजी सांगू लागले. "धुळे, अमळनेर, चाळीसगाव या बाजूची अहिराणी असो, की जळगाव, यावल, रावेर या बाजूची लेवा बोली असो, प्रमाण मराठीतील ण या बोलींत बहुधा न असा ऐकू येतो. पाणी हे पानी होते आणि माणूस हा मानूस होतो. बोलण्यात त्याने काही अडत नाही. पानी मागितले तरी तहान भागतेच. परंतु लिहिताना पंचाईत होते. ज्याच्या कानी एकच न पडतो, त्याला दोन अक्षरांपैकी कोणते लिहावे हे ऐकून कळणार कसे? मग तो एक तर सगळीकडे न लिहितो, नाही तर सगळीकडे ण लिहितो. पहिल्या कागदात पहिली चूक झाली, दुसऱ्या कागदात दुसरी."

गुरुजींनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या :

सुवर्ण – सोने
पानीय – पाणी

"जळगावच्या सराफ बाजारात तुमच्यापैकी पुष्कळ जण गेले असतील," ते म्हणाले. "तेथे एखाद्या दुकानाच्या पाटीवर सुवर्ण हा शब्द असतो. आतमध्ये गिऱ्हाईक विचारते, आज सोने काय भावाने? वस्तू एकच. मूळच्या संस्कृत शब्दात ण आहे आणि आपल्या मराठी शब्दात न आहे. आता खालची ओळ पाहा. पानीय म्हणजे पिण्याजोगे. येथे मूळ शब्दात न आहे, तर मराठीत ण आला. एका ठिकाणी ण चा न झाला आणि दुसऱ्या ठिकाणी न चा ण झाला. हा काय गोंधळ आहे?"

वर्ग शांत होता. शेवटी मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, सुवर्ण शब्दात ण ला र जोडलेला आहे. पानीय शब्दात न एकटाच आहे."

"शाबास!" गुरुजी म्हणाले, "कोड्याची किल्ली तीच आहे."

मग त्यांनी ती गोष्ट उलगडून सांगितली. मराठी ही संस्कृतातून एकदम निघालेली नाही. मध्ये प्राकृत भाषांचा मोठा काळ गेला. त्या काळात लोकांच्या तोंडी संस्कृत शब्द झिजले. जोडाक्षरे उच्चारावयास अवघड, म्हणून ती सोपी झाली. कर्ण मधील र गळला, परंतु जाताना त्याने आपले वजन शेजारच्या ण ला दिले. त्यामुळे ण दुहेरी झाला आणि कण्ण असा शब्द तयार झाला. तसेच पर्ण चे पण्ण झाले. अरण्य शब्दातील य असाच गेला आणि रण्ण असे रूप उरले. याउलट ज्या शब्दात न दोन स्वरांच्या मध्ये एकटा होता, तेथे महाराष्ट्री प्राकृतात त्याचा ण झाला, पण तो एकेरीच राहिला.

पुढे मराठी भाषा घडली, तेव्हा तिने हा एकेरी आणि दुहेरी यांचा भेद विसरला नाही. एकेरी होता तो ण म्हणूनच राहिला. दुहेरी होता त्याचे दुहेरीपण गेले, मागचा स्वर लांबला आणि त्या जागी न आला. कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. अरण्य, रण्ण, रान. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी भाषेच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मराठीतील शेकडो शब्दांची कुळे तपासून अशा नियमांची मांडणी केली आहे.

"एवढे सारे ध्यानात ठेवणे जड वाटेल," गुरुजी म्हणाले, "म्हणून एक लहानसे सूत्र ध्यानात ठेवा : एकट्याचा ण, जोडीचा न. मूळ संस्कृत शब्दात हे अक्षर एकटे असेल, तर मराठीत ण लिहावा. मूळ शब्दात ते जोडाक्षरात असेल, तर मराठीत न लिहावा. मूळ अक्षर न होते की ण होते, हे येथे विचारू नये. एकटे होते की जोडीने होते, एवढेच विचारावे."

आता उतारा तपासण्यास आरंभ झाला. गुरुजी शब्द सांगत आणि त्याचे मूळ फळ्यावर लिहीत. निवाडा मुलगी स्वतःच देई.

"रान. मूळ अरण्य."

"ण्य हे जोडाक्षर आहे. म्हणून न. रान बरोबर."

"जुनी. मूळ जीर्ण."

"र्ण हे जोडाक्षर. जुनी बरोबर."

"ऊन. मूळ उष्ण."

"ष्ण हे जोडाक्षर. ऊन बरोबर, उन्हात बरोबर."

"असाच कृष्णाचा कान्हा झाला," गुरुजी म्हणाले. "आता पाणी. मूळ पानीय."

"न एकटा आहे. म्हणून ण. पाणी."

"माणूस. मूळ मानुष."

"एकटा. माणूस."

"गाणे. मूळ गान. लोणी. मूळ नवनीत."

मुलगी क्षणभर थांबली. "गाणे हे कळले, गुरुजी. पण नवनीत शब्दात दोन न आहेत. लोणी शब्दातला ण त्यांपैकी कोणता?"

प्रश्न नेमका होता. गुरुजींनी सांगितले, की नवनीत शब्दातील पहिल्या न चा ल झाला, 'नव' याचे 'लो' झाले, आणि दुसरा न तेवढा 'णी' होऊन उरला. तो मुळात एकटाच होता, म्हणून लोणी. कोण आणि पण या दोन्ही शब्दांत संस्कृत पुनः हा शब्द दडलेला आहे. तेथेही न एकटा आहे, म्हणून दोन्ही शब्दांत ण. म्हणणे हे भण् या धातूपासून आले. त्यातही ण एकटा आहे, म्हणून म्हणते. कान आणि सोने यांचा निकाल तर आधीच लागला होता.

आठ चुकांपैकी सात चुका अशा सुटल्या. उरला आनि हा शब्द. याचे मूळ अन्य या शब्दात सांगतात. मुलगी चटकन म्हणाली, "ण्य हे जोडाक्षर, तसे न्य हेही जोडाक्षर. मग सूत्राप्रमाणे येथे न पाहिजे. परंतु पुस्तकात तर आणि असे छापलेले असते."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "धान्य याचे धान झाले, ते सूत्राप्रमाणेच झाले. आणि हा शब्द मात्र सूत्राला जुमानत नाही. भाषा लाखो लोकांच्या तोंडी घडते, म्हणून तिच्यात असे चुकार शब्द राहतातच. सूत्राने नव्वद दारे उघडतात म्हणून उरलेली दहा दारे धक्का मारून उघडू नयेत. अशा शब्दांची एक वही ठेवावी आणि ते पाठ करावेत. आणि हा तर प्रत्येक ओळीत भेटणारा शब्द आहे. तो दोन दिवसांत पाठ होईल."

एका विद्यार्थ्याने शंका काढली, "गुरुजी, मन, धन, वन या शब्दांत न एकटाच आहे. मग आपण मण, धण, वण असे का लिहीत नाही?"

गुरुजी म्हणाले, "सूत्र झिजलेल्या शब्दांसाठी आहे. कर्णाचा कान झाला, भगिनीची बहीण झाली. अशा शब्दांना तद्भव म्हणतात. मन, धन, वन हे शब्द संस्कृतात जसे होते तसेच आपण उचलले आहेत. त्यांना तत्सम म्हणतात. जो शब्द झिजलाच नाही, त्याचे अक्षरही बदलले नाही. मण असा शब्द मराठीत आहे, पण त्याचा अर्थ चाळीस शेरांचे जुने वजन. मनभर आनंद आणि मणभर कापूस यांत एका अक्षराचे अंतर आहे!"

वर्गात हशा पिकला.

"मग तत्सम शब्दात न की ण, हे कसे ओळखावे?" त्या मुलानेच पुढे विचारले.

त्यासाठी गुरुजींनी फळ्यावर पुन्हा दोन शब्द लिहिले : रामायण, रसायन. दोन्ही शब्दांचा आरंभ र ने होतो, दोन्हींच्या शेवटी अयन असा भाग आहे. तरी एकात ण आहे आणि दुसऱ्यात न आहे.

याचा उलगडा पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात केला आहे. एकाच शब्दात आधी ऋ, र किंवा ष आला आणि त्यानंतर न आला, तर त्या न चा ण होतो. कारण, मरण, भाषण, भूषण, प्राण, कृपण ही त्याची उदाहरणे. असे का व्हावे? तर र आणि ष उच्चारताना जिभेचे टोक वर उचलले जाऊन मागे वळते. ते तसेच वळलेले असताना न आला, की तो दातांपाशी न उच्चारला जाता टाळूपाशी उच्चारला जातो, म्हणजेच ण होतो.

मध्ये इतर अक्षरे आली तर काय होते, हे त्या अक्षरांवर अवलंबून असते. स्वर, ह, य, व, क वर्ग आणि प वर्ग यांतील अक्षरे जिभेच्या टोकाला हलवीत नाहीत. प, म ही अक्षरे ओठांनी होतात, क, ग ही घशाजवळ जिभेच्या मागच्या भागाने होतात. म्हणून ती मध्ये आली तरी टोक वळलेलेच राहते. रामायण शब्दात र नंतर म आणि य आले. त्यांनी टोक हलविले नाही, म्हणून शेवटी ण आला. ग्रहण आणि अर्पण हे शब्द असेच. परंतु च वर्ग, ट वर्ग व त वर्ग यांतील अक्षरे, तसेच ल, श आणि स ही जिभेच्या पुढच्या भागाला स्वतःच्या कामाला लावतात. रसायन शब्दात र नंतर स आला. त्याने जिभेचे टोक पुढे ओढले. पुढे न आला तेव्हा वळण मोडलेले होते, म्हणून न तो न च राहिला.

मुलांना आता चाळाच लागला. एकाने दर्शन हा शब्द घेतला. मध्ये श आहे, म्हणून न. दुसऱ्याने कीर्तन घेतला. मध्ये त आहे, म्हणून न. तिसऱ्याने अर्जुन घेतला. मध्ये ज आहे, म्हणून न. एका मुलीने वर्णन हा शब्द काढला आणि विचारले, "यात र नंतर एक ण आहे आणि एक न आहे. दोन्ही ण का नाहीत?" गुरुजी म्हणाले, "ण हे अक्षर ट वर्गातलेच आहे. र चे वळण पहिल्या ण ने वापरून टाकले. पुढच्या न साठी काही उरले नाही." सर्वनाम शब्दात र असूनही न का, याचेही उत्तर मिळाले. तो सर्व आणि नाम अशा दोन शब्दांचा समास आहे आणि नियम एकाच शब्दाच्या आतला आहे. प्रणाम, परिणाम आणि निर्णय या शब्दांत मात्र आरंभी उपसर्ग असूनही ण होतो. ते शब्द वहीत लिहून ठेवावेत, असे गुरुजींनी सांगितले.

"एक गोष्ट मात्र विसरू नका," ते पुढे म्हणाले. "ण कोठे झालाच पाहिजे, हे हा नियम सांगतो. बाकी कोठे ण असूच नये, असे तो सांगत नाही. गुण, गणित, वीणा, बाण, कल्याण या शब्दांत र नाही, ष नाही, तरी त्यांत मूळचाच ण आहे. ते शब्द पाहून पाहूनच डोळ्यांत बसवावे लागतात."

उताऱ्यातील दुकान हा एक शब्द अजून राहिला होता. तो ना तद्भव, ना तत्सम. तो फारसीच्या वाटेने आला आहे. फारसीत ण हे अक्षरच नाही, म्हणून तिच्याकडून आलेल्या शब्दांत सामान्यतः न लिहावा. दुकान, मैदान, सामान. र आला तरी पाणिनीचा नियम तेथे चालत नाही, म्हणून कारखाना आणि परवाना. इंग्रजीतून आलेल्या स्टेशन, रेशन, पेन्सिल या शब्दांचेही तसेच. तरी निशाण, हैराण आणि इराण असे दोन-चार शब्द मराठीने ण देऊन आपलेसे केले आहेत. त्यांची जागा पुन्हा वहीतच.

घंटा होण्यास थोडा वेळ होता. गुरुजींनी एक शेवटचे वाक्य फळ्यावर लिहिले : "त्या घराने एक मोठे घराणे पाहिले होते." मग त्यांनी विचारले, "येथे घराने आणि घराणे हे दोन शब्द आहेत. र दोन्हींत आहे. मग फरक का?"

थोडा विचार करून तीच मुलगी उठली. "पहिल्या शब्दात घर हा शब्द आहे आणि ने हा तृतीयेचा प्रत्यय आहे. प्रत्यय न नेच सुरू होतो. दुसरा सबंध शब्द आहे."

"योग्य," गुरुजी म्हणाले. "ने, नी, ना हे विभक्तीचे प्रत्यय नेहमी न ने लिहावेत, मागे कोणतेही अक्षर असो. हरीने, वाऱ्याने, शेतकऱ्यांना. तसेच कोणताही मराठी शब्द ण ने सुरू होत नाही, हे तर तू दुसऱ्या कागदावर आपोआप पाळलेच होतेस. याउलट क्रियापदाचा णे हा प्रत्यय नेहमी ण ने लिहावा. करणे, बसणे, वाचणे. वाचन हा तत्सम शब्द, म्हणून न. वाचणे हा मराठी शब्द, म्हणून ण. लेखन आणि लेखणी यांचेही तसेच. संस्कृतातील इनी हा स्त्रीलिंगी शेवट मराठीत ईण झाला. हस्तिनीची हत्तीण झाली, त्याच चालीवर वाघीण आणि शेजारीण. पाहा, येथेही एकट्याचा ण झालाच."

घंटा झाली. मुले उठली. परंतु मुलगी जागेवरच बसून राहिली होती. गुरुजींनी विचारले, "अजून काही शंका आहे का?"

"गुरुजी," ती म्हणाली, "उताऱ्याच्या शेवटी मला आजीचे एक वाक्य घालायचे आहे. वाटेने जाणाऱ्याला ती हाक मारते, 'पानी पी, मंग जाय.' ते मी पाणी असे लिहिले, तर ते आजीचे राहणार नाही."

गुरुजींनी कपाटातून एक पुस्तक काढले. बहिणाबाईंची गाणी हे त्याचे नाव. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे या गावी झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत आणि घरच्या माणसांनी ती उतरून ठेवली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी यांनी ती जपली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि पुढील वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने निघाली.

"हे मुखपृष्ठ पाहा," गुरुजी म्हणाले. "बहिणा हा शब्द बहीण या शब्दापासून, बहीण ही भगिनीपासून. न एकटा, म्हणून ण. गाणी हा शब्द गान पासून. न एकटा, म्हणून ण. मुखपृष्ठावर दोन्ही शब्द नियमाप्रमाणे आहेत. आता आतले पान उघड. तेथे पानी आणि मानूस असे शब्द तुला सापडतील, कारण ती गाणी ज्या बोलीत रचली, त्याच बोलीत छापली आहेत. कोणीही त्यांवर तांबडे वर्तुळ काढीत नाही. लिहिणारी तू असशील तेव्हा पाणी लिही. बोलणारी आजी असेल तेव्हा तिचे शब्द अवतरणचिन्हांत घाल आणि पानी असेच लिही. मात्र दोन्ही जागी काय लिहिले आणि का लिहिले, हे तुला ठाऊक असले पाहिजे."

तिसऱ्या दिवशी भित्तिपत्रक लागले. विहिरीवरचा उतारा त्यात होता. तपासणाऱ्या मुलाने तो दोनदा वाचला. शेवटच्या ओळीतील पानी या शब्दावर त्याची लेखणी क्षणभर थांबली. मग त्याने अवतरणचिन्हे पाहिली, शाईची दौत मिटली आणि तो पुढील कागदाकडे वळला.

स्वाध्याय

१. पुढील मूळ शब्दांपासून झालेले मराठी शब्द लिहा आणि त्यांत न की ण येतो ते 'एकट्याचा ण, जोडीचा न' या सूत्राने ठरवा : चूर्ण, पर्ण, भगिनी, धान्य, पानीय, पूर्णिमा.

२. पुढील तत्सम शब्दांत न किंवा ण का आला, ते मधल्या अक्षरांकडे पाहून सांगा : नारायण, प्रार्थना, शिक्षण, रचना, आकर्षण, गर्जना.

३. पुढील जोड्यांतील शब्दांचे अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा : मन – मण, खान – खाण, तान – ताण, जन – जण.

४. 'सोनगीर' आणि 'धरणगाव' ही खानदेशातील दोन गावांची नावे आहेत. पहिल्या नावातील सोन या भागात न का आणि दुसऱ्या नावातील धरण या भागात ण का, ते नियम देऊन लिहा.

५. तुमच्या घरच्या बोलीत बोललेले एक वाक्य अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहा. त्याखाली तेच वाक्य प्रमाण मराठीत लिहा आणि जेथे न चा ण झाला तेथे रेघ ओढा.